शाळेच्या ऑनलाइन प्रवेश नोंदीत जन्मतारीख चुकली तर पत्र कसं लिहावं आणि कुठवर पाठपुरावा करावा

शाळेच्या ऑफिसात, खिडकीच्या आतल्या बाजूला, माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी येणाऱ्या पालकांच्या हातात सहसा एकाच ओळीचा कागद असायचा: ‘माझ्या मुलाची जन्मतारीख चुकलेली आहे, तरी ती बदलून मिळावी, ही विनंती.’ कारकून तो कागद घेतो, फाइलला लावतो, आणि काम तिथंच बसतं. कुठली तारीख कुठल्या नोंदीत चुकली, बरोबर कुठली, ती कशावरून, आणि शाळेनं नेमकं काय करायचं, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. मुख्याध्यापकांनी सही करायची म्हटलं तरी कशावर करणार?

हे पत्र एका पानाचंच असतं, पण ते लिहिण्याआधी घरातला आणि शाळेतला मिळून थोडा तपास करावा लागतो. तो केला की पत्र आपोआप नीट उतरतं.

चूक कुठवर गेली आहे, ते आधी बघा

मुलाची जन्मतारीख शाळेत एका जागी राहत नाही. प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात ती पहिल्यांदा येते. तो अर्ज तुम्ही मोबाइलवर भरलेला असतो, सायबर कॅफेवाल्यानं भरलेला असतो किंवा शाळेतल्या ऑपरेटरनं तुमच्या हस्ताक्षरातल्या फॉर्मवरून टाइप केलेला असतो. प्रवेश पक्का झाला की तीच तारीख जनरल रजिस्टरमध्ये उतरते. ऑफिसात याला नुसतं ‘जीआर’ म्हणतात. प्रत्येक मुलाला यात एक क्रमांक मिळतो आणि जन्मतारीख अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही प्रकारे लिहिली जाते. मग राज्याच्या ‘सरल’ प्रणालीत आणि केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’वर मुलाची माहिती भरतात. हजेरीपट, प्रगतिपुस्तक, ओळखपत्र, बोनाफाईड हे सगळं यांतल्याच कुठल्या तरी नोंदीवरून निघतं.

या सगळ्यांत वजन आहे ते जनरल रजिस्टरला. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच लिहिला जातो, आणि हा दाखला पुढच्या शाळेत, कॉलेजात, कुठंही गेलं तरी मुलाबरोबर जातो.

म्हणून पहिला प्रश्न असा की, चूक फक्त संगणकातच आहे की रजिस्टरमध्येही उतरली आहे? फक्त संगणकात असेल तर शाळा ती बऱ्याचदा आपल्या पातळीवर दुरुस्त करू शकते. रजिस्टरमध्ये उतरली असेल तर मुख्याध्यापकांना परस्पर खाडाखोड करता येत नाही, वरच्या कार्यालयाची परवानगी लागते. हायस्कूलसाठी हे माध्यमिक शाळा संहितेच्या २६ व्या नियमात आहे, आणि प्राथमिक शाळाही अशा नोंदीला वरच्या मंजुरीशिवाय हात लावत नाहीत. तेव्हा ‘एवढीशी तारीख बदलायला इतके दिवस?’ म्हणून खिडकीवर आवाज चढवण्यात अर्थ नाही. अशा वेळी कारकून टाळाटाळ करत असतो असं नाही, त्याला खरंच परवानगीशिवाय काही करता येत नाही.

रजिस्टर पालकांच्या हातात कुणी देत नाही. पण ‘जीआरला तारीख काय लागली आहे, जरा बघून सांगता का?’ असं विचारलं तर बहुतेक कारकून बघून सांगतात. नाहीच सांगितलं तर बोनाफाईडसाठी अर्ज करा आणि त्यावर जन्मतारीख घालून मागा. बोनाफाईडवर येणारी तारीख सर्वसाधारणपणे रजिस्टरवरूनच घेतलेली असते. शिवाय हा कागद तुमच्याकडे राहतो आणि पत्राला जोडताही येतो.

तारीख चुकते कशी

हे समजून घेणं कामाचं आहे, कारण पत्रात चुकीचं कारण एका वाक्यात लिहिलं तर वाचणाऱ्याची शंका तिथंच मिटते. कारण नसेल तर त्याला वाटतं की मुलाचं वय कमीजास्त करून घ्यायचंय की काय.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल. काही फॉर्मांत आधी दिवस विचारतात, काही ठिकाणी संगणकाच्या सेटिंगमुळे आधी महिना येतो. दिवस १२ च्या पुढचा असेल तर संगणक अडतो, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून ही चूक फक्त १ ते १२ तारखांना जन्मलेल्या मुलांच्याच वाट्याला येते.

आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही, याचंही कारण आहे. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. २०२० सालच्या शासन निर्णयानं ही तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ डिसेंबर केली. अट वर्षाच्या शेवटच्या दिवसाला बांधलेली असल्यामुळे किमान वयाची पात्रता फक्त जन्मवर्षावर ठरते. दिवस-महिना उलटे झाले तरी वर्ष तेच राहतं, मूल पात्रच ठरतं, आणि पडताळणीत कुठंही लाल दिवा लागत नाही. वर्ष चुकलं असेल तर मात्र गोष्ट लगेच उघडी पडते, आणि तेव्हा दुरुस्तीबरोबर पात्रतेचा प्रश्नही उभा राहतो. २५ टक्के राखीव जागांवर, म्हणजे आरटीईखाली, प्रवेश घेतलेल्यांनी वर्षाची चूक दिसताच एक दिवसही थांबू नये, कारण कागदपत्रांच्या पडताळणीत तोच मुद्दा निघतो.

दुसरी चूक आपल्या अंकांची. हातानं लिहिलेला देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. पालक फॉर्मवर ‘११’ लिहितात आणि ऑपरेटर मन लावून एकोणीस किंवा नव्याण्णव वाचतो. म्हणून फॉर्म हातानं भरायचा असेल तर तारखेचे अंक इंग्रजीत लिहा आणि महिना अक्षरांत. मराठीचा अभिमान दुसऱ्या ठिकाणी दाखवता येतो.

तिसरी चूक म्हणजे जन्मदाखल्यावरची भलतीच तारीख उचलणं. दाखल्यावर तीन तारखा असतात: जन्म दिनांक, नोंदणी दिनांक आणि दाखला दिल्याचा दिनांक. नोंदणी जन्मानंतर काही दिवसांनी होते, त्यामुळे नोंदणीची तारीख जन्माच्या तारखेजवळचीच दिसते आणि सहज खपून जाते.

घरचे कागद जुळतात का?

शाळेकडे जाण्याआधी जन्मदाखला आणि मुलाचं आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून बघा. शाळेला दाखवायचा पुरावा म्हणजे जन्मदाखला. आधार हा ओळखीचा कागद आहे, त्यावरची तारीख जन्माचा पुरावा म्हणून पुढं करू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायदा दुरुस्तीनुसार त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच एकमेव पुरावा आहे.

तरीही आधार बघायचंच, कारण यू-डायस प्लसवर आणि ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक काढताना शाळेची नोंद आधारशी ताडून बघितली जाते. जन्मदाखला बरोबर आणि आधार चुकीचं असेल तर आधी आधार केंद्रावर दाखला दाखवून ते सुधारून घ्या. आधारमधली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे पावतीवरची नवी तारीख नीट वाचल्याशिवाय केंद्रावरून हलू नका.

जन्मदाखल्यावरच तारीख चुकलेली असेल तर शाळेला पत्र लिहून उपयोग नाही. ती दुरुस्ती जन्म-मृत्यू निबंधकाकडे करावी लागते, आणि तीही जिथं जन्म झाला तिथल्या. मुंबईत यात लोक हमखास फसतात. घर भांडुपला, पण बाळंतपण परळच्या इस्पितळात झालं असेल तर नोंद परळच्या एफ-दक्षिण वॉर्डात असते, भांडुपच्या एस वॉर्डात नाही. आई बाळंतपणाला माहेरी गेली असेल तर नोंद माहेरच्या नगर परिषदेत किंवा ग्रामपंचायतीत.

दाखल्यावर मुलाचं नावच नसेल, नुसतं ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ आणि आईबापांची नावं असतील, तर तेही आधी घालून घ्या. बिननावाच्या दाखल्यावर हे मूल तेच कशावरून, असं शाळा विचारू शकते.

एक खरं वाटेल असं उदाहरण

भांडुपचं एक कुटुंब धरू. मुलीचा जन्म ५ ऑगस्ट २०१९ चा, चिपळूणला, आईच्या माहेरी. दाखला चिपळूण नगर परिषदेचा, नोंदणी १२ ऑगस्टची. २०२५ च्या जूनमध्ये घराजवळच्या खासगी शाळेत पहिलीला प्रवेश घेतला. अर्ज ऑनलाइन भरला आणि जन्मतारीख ०८/०५/२०१९ अशी लागली, म्हणजे ८ मे. वय पात्र, वर्ष बरोबर, कुणी हरकत घेतली नाही.

५ ऑगस्टला मुलगी वाढदिवसाचा नवा फ्रॉक घालून, चॉकलेटांचा डबा घेऊन शाळेत गेली. वर्गाच्या फळ्याशेजारी महिन्याचे वाढदिवस लावलेले असतात, त्यात तिचं नाव नव्हतं. बाईंनी यादी बघितली तर नाव मे महिन्यात, आणि मेमध्ये शाळेला सुट्टी. संध्याकाळी आईनं अर्जाची प्रिंट काढून बघितली तेव्हा उलगडा झाला. ऑफिसात विचारल्यावर कळलं की रजिस्टरमध्येही ८ मे हीच तारीख गेली आहे.

आता पत्र. ते मुख्याध्यापकांच्या नावानं जातं, वर्गशिक्षिकेच्या नाही. प्रवेशाच्या संस्थेचा किंवा पोर्टलचा मदत क्रमांक असला तरी शाळेच्या नोंदीची जबाबदारी मुख्याध्यापकांचीच. सही आई किंवा वडील यांच्यापैकी ज्यांच्या नावानं अर्ज भरला होता त्यांनी करावी, म्हणजे सही जुळवताना खोळंबा होत नाही.

---

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे नाव), प्राथमिक विभाग,
भांडुप (पश्चिम), मुंबई

विषय : ऑनलाइन प्रवेश नोंदीत व जनरल रजिस्टरमध्ये चुकीची नोंदवली गेलेली जन्मतारीख दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ : ऑनलाइन प्रवेश अर्ज क्र. ______, इयत्ता पहिली, तुकडी ___, जनरल रजिस्टर क्र. ______

महोदया,

माझी मुलगी कु. ______ (पूर्ण नाव) हिने जून २०२५ मध्ये आपल्या शाळेत इयत्ता पहिलीत प्रवेश घेतला आहे. तिच्या जन्मदाखल्यानुसार तिची जन्मतारीख पुढीलप्रमाणे आहे :

बरोबर जन्मतारीख : ०५/०८/२०१९ (पाच ऑगस्ट दोन हजार एकोणीस)

शाळेच्या नोंदीत मात्र ती पुढीलप्रमाणे लागलेली आहे :

चुकीची नोंद : ०८/०५/२०१९ (आठ मे दोन हजार एकोणीस)

ऑनलाइन अर्ज भरताना दिवस व महिना यांची अदलाबदल झाल्याने ही चूक झाली आहे. प्रवेशाच्या वेळी सादर केलेल्या जन्मदाखल्यावर बरोबर तारीखच आहे. या दुरुस्तीने तिच्या वयोमर्यादेच्या पात्रतेत कोणताही फरक पडत नाही.

तरी विनंती की,

१. ऑनलाइन प्रवेश नोंद, सरल व यू-डायस प्लस यांमधील जन्मतारीख जन्मदाखल्यानुसार दुरुस्त करण्यात यावी.

२. जनरल रजिस्टरमधील नोंदीच्या दुरुस्तीसाठी सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक असल्यास, तसा प्रस्ताव शाळेमार्फत पाठवण्यात यावा व त्याचा जावक क्रमांक मला कळवण्यात यावा.

३. दुरुस्ती झाल्यानंतर नवीन जन्मतारीख दर्शवणारे बोनाफाईड प्रमाणपत्र देण्यात यावे.

पडताळणीसाठी मूळ जन्मदाखला घेऊन आपण सांगाल त्या दिवशी मी उपस्थित राहीन.

आपली विश्वासू,
(सही)
(पालकाचे पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)

सोबत :
१. जन्मदाखल्याची स्वयंसाक्षांकित प्रत
२. ऑनलाइन प्रवेश अर्जाची प्रिंट (चुकीची तारीख अधोरेखित)
३. शाळेने दिलेल्या बोनाफाईडची प्रत

---

या पत्रात काय कशासाठी आहे

विषयात ‘दुरुस्त’ म्हटलं आहे, ‘बदल’ म्हटलेलं नाही. बदल मागितला की वाचणाऱ्याला वाटतं जुनी तारीख खरी होती आणि आता दुसरी हवी आहे, म्हणून तो प्रतिज्ञापत्र आणा, जाहिरात द्या असं सांगायला लागतो. इथं एक जुना बरोबर कागद आहे आणि त्याच्याशी न जुळणारी एक नोंद आहे, एवढंच.

तारीख अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहिली आहे. ०५/०८ नुसतं लिहिलं तर ज्या गोंधळातून चूक झाली तोच गोंधळ पत्रातही शिल्लक राहतो, आणि दुरुस्ती करणारा कारकून पुन्हा उलटं टाइप करू शकतो. मी हे होताना बघितलं आहे.

‘प्रवेशाच्या वेळी सादर केलेल्या जन्मदाखल्यावर बरोबर तारीखच आहे’ हे वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. शाळेच्या फाइलीत प्रवेशाच्या दिवसापासून तो दाखला पडून असतो. म्हणजे तुम्ही आता नवा कागद तयार करून आणलेला नाही, हे मुख्याध्यापिकांना आपल्याच फाइलीत बघता येतं. तुमच्या बाबतीत हे खरं नसेल, दाखला नंतर काढला असेल, तर हे वाक्य गाळा, उगाच घालू नका.

चूक कुणी केली, यावर पत्रात वाद घालू नका. ऑपरेटरनं केली असली तरी ‘अर्ज भरताना’ एवढं पुरे. चूक शाळेची आहे असं लिहिलं की ते पत्र पुढे पाठवायला शाळाच कचरते, आणि नुकसान तुमचं होतं.

‘सक्षम अधिकारी’ असं मोघम लिहिलं आहे तेही मुद्दाम. मुंबईत प्राथमिकचा कारभार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आहे. हायस्कूलसाठी शासनाचे शिक्षण निरीक्षक आहेत, आणि त्यांची दक्षिण, उत्तर आणि पश्चिम अशी तीन कार्यालयं आहेत. एकाच इमारतीत पहिली ते दहावी असलेल्या शाळेत कुठला कागद कुठं जातो, ते शाळेला ठाऊक असतं. पालकांनी भलत्याच कार्यालयाचं नाव पत्रात घातलं तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून कागद परत येतो.

तिसरी विनंती बोनाफाईडची. ते हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. तोंडी ‘झालं हो तुमचं’ यावर घरी जाणारे पालक चौथीनंतर दाखला घेताना परत येतात.

आधारची प्रत जोडलेली नाही, हेही लक्षात घ्या. शाळेनं मागितली तर द्या, तोवर नको, आणि दिलीच तर आकड्यांचा पहिला भाग झाकलेली द्या. प्रतिज्ञापत्रही आपणहून करून आणू नका. जन्मदाखला असताना त्याची गरज सहसा पडत नाही, आणि दाखला नसेल तर नुसत्या प्रतिज्ञापत्रावर रजिस्टर दुरुस्त होत नाही.

चूक फक्त ऑनलाइन नोंदीत असेल आणि रजिस्टरमध्ये तारीख बरोबर असेल तर पत्र आणखी सोपं होतं. विषयातून जनरल रजिस्टर काढा, दुसरी विनंती काढा, आणि मजकुरात एक वाक्य घाला: ‘जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख बरोबर नोंदवलेली असून केवळ ऑनलाइन नोंदीत ती चुकली आहे.’ हे वाचल्यावर मुख्याध्यापिका पत्रावरच कारकुनाला शेरा मारून मोकळ्या होतात.

पत्र देताना

पत्राच्या दोन प्रती न्या. एक शाळेकडे राहते. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शाळेचा शिक्का घ्या, ही तुमची पोच. मेल केलात तरी छापील प्रत द्याच. शाळेच्या मेलमध्ये रोज इतकं येतं की पालकांचं पत्र चार दिवसांत खाली जातं, पण आवक रजिस्टरमध्ये चढलेल्या कागदाचं काय झालं, हे कुणीतरी कधीतरी विचारतंच.

मूळ जन्मदाखला दाखवायचा, द्यायचा नाही. जोडलेल्या झेरॉक्सवर सही करून ‘मूळ प्रतीप्रमाणे’ असं लिहा.

वेळेचं म्हणाल तर प्रवेशाचे आणि परीक्षेचे दिवस टाळा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ऑफिसात उभं राहायलाही जागा नसते. गणपतीच्या आधीचे किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस बरे.

शाळेच्या आत पुढे काय होतं

ऑनलाइन नोंद शाळेच्या लॉगिनमधून उघडते. तारखेची जागा तिथं खुली असेल तर काम लगेच होतं. पण वर्षाची माहिती अंतिम करून पाठवल्यावर नाव, लिंग, जन्मतारीख अशा जागा बऱ्याचदा बंद होतात, आणि मग शाळेला वरच्या पातळीवर विनंती पाठवावी लागते. अशा वेळी ‘सिस्टीम घेत नाही’ असं उत्तर मिळतं. ते खोटं नसतं, पण अर्धं असतं. तेव्हा नम्रपणे पुढचा प्रश्न विचारा: ‘मग वर विनंती पाठवली का? कधी?’

रजिस्टरची दुरुस्ती वेगळ्या वाटेनं जाते. शाळा तुमचा अर्ज, जन्मदाखल्याची प्रत, रजिस्टरचा उतारा आणि मुख्याध्यापकांचं पत्र असा प्रस्ताव तयार करते. तो प्राथमिकचा असेल तर महापालिकेकडे आणि माध्यमिकचा असेल तर शिक्षण निरीक्षकांकडे जातो. मंजुरीचं पत्र आलं की रजिस्टरमधल्या जुन्या तारखेवर एक रेघ मारतात, ती वाचता येईल अशीच ठेवतात, आणि लाल शाईनं नवी तारीख लिहून शेजारी मंजुरीच्या पत्राचा क्रमांक, दिनांक आणि मुख्याध्यापकांची सही घेतात. व्हाइटनर लावून किंवा खरडून केलेली दुरुस्ती कुणी मान्य करत नाही. एखादा कारकून ‘कशाला प्रस्ताव, मी करून देतो’ म्हणाला तर आभार मानून नको म्हणा. तशी खाडाखोड दहा वर्षांनी जात पडताळणीच्या वेळी बाहेर येते आणि तेव्हा ती पूर्ण रजिस्टरच्या विश्वासावर उठते.

भांडुपच्या कुटुंबाला या दोन्ही वाटांनी जावं लागेल, आणि बहुतेक वेळा संगणकातली नोंद आधी सुधारते, रजिस्टर नंतर. मधल्या काळात एका कागदावर ५ ऑगस्ट आणि दुसऱ्यावर ८ मे दिसेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पोच सांभाळून ठेवा.

झालं की नाही, हे कसं ओळखायचं

नवं बोनाफाईड मागा आणि त्यावरची तारीख जन्मदाखल्याशी ताडून बघा. नंतर ऑनलाइन नोंदीची नवी प्रिंट किंवा स्क्रीनवरची नोंद दाखवायला सांगा. दोन्हींवर तीच तारीख असेल तर काम झालं. प्रिंटवर बरोबर आणि बोनाफाईडवर जुनीच असेल तर रजिस्टर अजून तसंच आहे. बोनाफाईड बरोबर आणि प्रिंट जुनी असेल तर पुढच्या वर्षी इयत्ता बदलताना जुनी तारीख पुन्हा वर येऊ शकते. पुढचं प्रगतिपुस्तक आलं की त्यावरचीही तारीख एकदा वाचा.

मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स शाळेकडून मागून घ्या आणि जन्मदाखल्याच्या मागे पिन लावून ठेवा. रजिस्टरमधल्या लाल नोंदीबद्दल पुढे कुणी विचारलं तर उत्तर तेच आहे.

उत्तर आलं नाही तर

पंधरा-वीस दिवस वाट बघा आणि स्मरणपत्र द्या. त्यात सगळी कहाणी पुन्हा लिहायची गरज नाही. ‘दि. १८ ऑगस्ट २०२५ रोजीच्या माझ्या अर्जावर (आवक क्र. ____) झालेल्या कार्यवाहीची माहिती लेखी मिळावी’ एवढं पुरे, सोबत पहिल्या पत्राची पोच. या पत्राचीही पोच घ्या. त्यानंतरही काही हललं नाही तर प्राथमिकसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या वॉर्डातल्या कार्यालयात आणि हायस्कूलसाठी आपल्या भागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे, दोन्ही पोचांच्या प्रती जोडून अर्ज करा. तक्रारीचा सूर ठेवू नका. शाळेनं प्रस्ताव पाठवला आहे का, एवढंच विचारा. बहुतेक वेळा तेवढ्यावर शाळेला फोन जातो.

मुदत

मूल त्या शाळेत आहे तोवर हे सगळं सोपं आहे. दाखला घेऊन बाहेर पडलं की नवी शाळा दाखल्यावरची तारीखच आपल्या रजिस्टरला लावते आणि जुनी शाळा म्हणते, ‘मूल आमच्याकडे नाही.’ माध्यमिक शाळा संहितेतही विद्यार्थ्यानं शाळा सोडल्यावर अशा अर्जांना वाव फार कमी ठेवला आहे, उघड दिसणाऱ्या चुका तेवढ्या सुधारता येतात, आणि एखादी चूक उघड आहे की नाही यावर पालकांना थेट हायकोर्टाची पायरी चढावी लागल्याची उदाहरणं आहेत. चौथीनंतर किंवा सातवीनंतर शाळा बदलायची असेल तर दाखल्यासाठी अर्ज करण्याआधी बोनाफाईड काढून तारीख बघा.

यानंतरची शेवटची सोयीची वेळ नववी. दहावीचा बोर्डाचा फॉर्म शाळेच्या नोंदीवरून भरला जातो, आणि बोर्डाकडे माहिती अंतिम होण्याआधी शाळा विद्यार्थ्यांकडून ती तपासून घेते. मुलं त्या कागदावर स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तेवढं बघतात आणि सही करून देतात. एकदा दहावीचं प्रमाणपत्र छापून आलं की दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातो, आणि तिथंही पहिल्यांदा मागतात तो जनरल रजिस्टरचा उतारा. सीबीएसई किंवा आयसीएसई शाळांत मंडळाचे नियम वेगळे आहेत, पण नववीच्या नोंदणीआधी शाळेची नोंद बरोबर करून घेणं तिथंही तितकंच गरजेचं.